माळ घालण्याआधी दवाखाना

बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी परिचारिका आहे. मेडिसिन आणि मानसोपचार, दोन्ही वॉर्डांत माझ्या ड्युट्या झाल्या. दारू अचानक सुटल्यामुळे बिघडलेले पेशंट आमच्याकडे वर्षभर येतात, पण काही दिवसांत ते जास्त येतात. गावात हरिनाम सप्ताह बसतो, कोणी माळ घालतो, कोणी आषाढीच्या वारीला निघतो, कोणी कारखान्याचा पट्टा पडल्यावर घरी येऊन मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. निर्धार खराच असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच माणूस १०८ मधून उतरवला जातो.

या त्रासावर चांगलं औषध आहे. तेच औषध मेडिकलमधून आणून घरी दिल्यामुळे बिघडलेली माणसंही आमच्याकडेच येतात. दोन्ही पाहून जे कळलं ते इथे लिहिते. ज्या पेशंटविषयी सविस्तर सांगणार आहे, त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

१. दारू उतरली म्हणजे धोका टळला, असं नाही.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू वर्षानुवर्षं दारूच्या विरुद्ध जोर लावत असतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःला जागं ठेवणारी रसायनं वाढवतो आणि शांत करणाऱ्या रसायनाला दाद देणं कमी करतो. उसाने भरलेली गाडी चढावर ओढणारे बैल जसे सगळी ताकद लावून पुढे झुकलेले असतात, तसंच हे. अशा वेळी गाडीतलं सगळं ओझं एकदम काढलं तर बैल उधळतात.

हे उधळणं एका क्रमाने होतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, छाती धडधडते, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. माणूस दिवस-रात्र, घर-दवाखाना विसरतो, नसलेली जनावरं पाहतो, ताप चढतो, नाडी पळते. डॉक्टर त्याला ‘डीटी’ म्हणतात. बहुतेकांचा त्रास कापरं आणि घामावरच थांबतो, डीटी थोड्यांनाच होतो. पण ज्यांना होतो त्यांना उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. आधी कधी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झाला असेल, तर पुढच्या वेळी तो होण्याची शक्यता अधिक.

नातेवाईक नेमके इथे चुकतात. सोमवारी कापत होता, मंगळवारी जरा निवला, म्हणजे संकट गेलं असं त्यांना वाटतं. बुधवारी रात्री तो बडबडायला लागला की म्हणतात, “सिस्टर, ह्याला बाहेरचं झालंय.” मग एक दिवस देवऋष्याकडे जातो. तोच दिवस सगळ्यात मोलाचा असतो.

२. गोळी ओझं परत ठेवते, मग हळूहळू उतरवते.

बेंझोडायझेपिन गटातली औषधं मेंदूतल्या त्याच शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतात, जिच्यावर दारू करते. म्हणून ती दारूची जागा काही दिवस भरून काढतात. या गटातलं पहिलं औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आलं. जुने डॉक्टर त्याला अजून लिब्रियमच म्हणतात. १९६३ मध्ये डायझेपाम आलं. १९६९ साली अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यात काहींना हे औषध, काहींना दुसरी औषधं आणि काहींना नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या होत्या. क्लोरडायझेपॉक्साइड घेणाऱ्यांत फिट आणि भ्रम सगळ्यात कमी आढळले. वेडाच्या आजारात वापरलं जाणारं क्लोरप्रोमाझिन ज्यांना दिलं, त्यांच्यात उलट फिट जास्त आल्या. म्हणून “नुसता शांत करा” असं सांगून कोणतंही इंजेक्शन चालत नाही.

आता या गटातलं दीर्घकाळ टिकणारं औषधच का निवडतात? याच गटातल्या अल्प्राझोलमची रक्तातली मात्रा साधारण अकरा तासांत निम्मी होते. डायझेपामला एक ते दोन दिवस लागतात, आणि यकृतात त्याचं जे रूपांतर होतं ते पदार्थही काम करत राहतात, तेही कित्येक दिवस. क्लोरडायझेपॉक्साइडचंही असंच आहे. याचा अर्थ शेवटची गोळी दिल्यानंतरही औषध थोडंथोडं उरत, थोडंथोडं कमी होत जातं. गाडीतल्या मोळ्या एकेक करून उतरतात. आखूड, म्हणजे कमी काळ टिकणाऱ्या औषधात दोन गोळ्यांच्या मध्ये ओझं वारंवार संपतं, आणि एखादी गोळी चुकली की बैल पुन्हा उधळतात.

३. अल्प्राझोलमचं एक पाकीट काय करतं, ते मी एका ऊसतोड कामगारात पाहिलं.

चाळिशी ओलांडलेला, धारूरकडचा माणूस. पंधरा वर्षं रोज देशीच्या दोन क्वार्टर. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साधारण १२० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. गळीत संपवून टोळी परतली, गावात सप्ताह बसला आणि त्याने माळ घातली. रविवारी संध्याकाळी शेवटची प्यायला.

सोमवारी सकाळी हात इतके कापत होते की चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. भावाने त्यांच्या आईच्या जुन्या चिठ्ठीवर अर्ध्या मिलिग्रॅमच्या अल्प्राझोलमचं दहा गोळ्यांचं पाकीट आणलं. सोमवारी तीन दिल्या, मंगळवारी चार. माणूस झोपला, कापरं थांबलं, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बुधवारी दुपारपर्यंत उरलेल्या तीन संपल्या. मेडिकलवाल्याने दुसरं पाकीट द्यायला नकार दिला, आणि तो नकार योग्यच होता. अल्प्राझोलम शेड्यूल एच-वनमध्ये आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि कोणाला विकली याची नोंद ठेवावी लागते. बुधवारी रात्रभर तो टक्क जागा होता. गुरुवारी पहाटे त्याला फिट आली.

इथे काय झालं ते नीट पाहिलं पाहिजे. गोळ्यांनी दोन-अडीच दिवस त्रास झाकला. मेंदू मात्र सावरला नव्हता, कारण सावरायला वेळही कमी पडला आणि मात्रा कधी चढ, कधी उतार अशी होती. पाकीट संपलं आणि जे सोमवारी-मंगळवारी व्हायचं ते गुरुवारी झालं. घरच्यांनी दिवस मोजून “आता चौथा दिवस, आता काही होत नाही” असं धरलं होतं. त्यात फिट आल्यावर शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, चप्पल नाकाला लावली, दातांत चमचा घातला. एक दात हलला. फिट आलेल्या माणसाला फक्त कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं आणि १०८ ला फोन लावायचा. तोंडात काहीही घालायचं नाही.

४. आधी तपासायचं, मग औषध द्यायचं. दर वेळी.

तो आला तेव्हा नाडी १२४, अंगात ताप, कपडे घामाने ओले. डोळे उघडे पण आम्हाला ओळखत नव्हता. पलंगावर वाकून चादरीच्या कडेवर हात चालवत होता. डाव्या हातात धरल्यासारखं, उजव्याने तोडल्यासारखं. तो ऊस तोडत होता. मध्येच बायकोला हाक मारायचा, “मोळी बांध गं, गाडी आली.” डीटीमध्ये माणूस आपला रोजचा धंदा करत राहतो हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण समोर पाहताना पोटात तुटतं. त्याची बायको पलंगाच्या पायाशी उभी राहून खरंच “बांधते, बांधते” म्हणत होती.

पहिल्या काही मिनिटांत आम्ही औषधाला हात लावला नाही. बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, कारण साखर उतरली तरी माणूस असाच बरळतो. डोक्याला मार आहे का ते पाहिलं, फिटमध्ये तो ओट्यावरून पडला होता. पुढे त्याचा सीटी स्कॅनही झाला, तो चांगला निघाला. बायकोकडून शेवटची दारू कधी, आणि कोणत्या गोळ्या किती घेतल्या, हे वदवून घेतलं. रिकामं पाकीट भावाच्या खिशात होतं. ते पाकीट मिळणं हीसुद्धा मोठी मदत होती.

मग डॉक्टरांनी डायझेपाम १० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, दोन मिनिटांहून अधिक वेळ घेऊन, सावकाश. मी श्वास मोजत बसले. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दहा मिनिटांनी हात अजून चालतच होते. पुन्हा १० दिलं. तिसऱ्या वेळेनंतर तो निवला. झोपला, पण हाक मारली की डोळे उघडत होता. आम्हाला हवी असते ती ही अवस्था. त्याच्या पलीकडे गेलं तर श्वास मंद होतो. पहिल्या चोवीस तासांत त्याला एकूण ८० मिलिग्रॅम लागलं, दुसऱ्या दिवशी ३०, तिसऱ्या दिवशी १०. हे आकडे त्याचे, त्या वेळचे. रोज न पिणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसाची ती मात्रा दिली तर त्याचा श्वास बंद पडू शकतो.

जे पेशंट शुद्धीवर असतात आणि उत्तरं देऊ शकतात, त्यांच्यासाठी आम्ही सीवा नावाचा तक्ता वापरतो. मळमळ, थरथर, घाम, भीती, तगमग, अंगावर काही चालल्याचा भास, आवाज, दृश्यं, डोकेदुखी आणि भान अशा दहा गोष्टींना गुण द्यायचे. जास्तीत जास्त ६७ होतात. आठ-दहाच्या खाली असेल तर सहसा गोळी देत नाहीत. वर असेल तर द्यायची आणि तासाभराने पुन्हा मोजायचं. १९९४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयात असं मोजून औषध देणं आणि ठरावीक वेळेला औषध देणं यांची तुलना झाली. मोजून दिलेल्यांना साधारण १०० मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड पुरलं आणि उपचार नऊ तासांत आटोपले. वेळापत्रकाने दिलेल्यांना ४२५ मिलिग्रॅम आणि ६८ तास लागले. त्रास दोन्हींकडे सारखाच आटोक्यात आला. हा फरक नुसता औषधाचा नव्हता, बसून पाहणाऱ्या माणसाचा होता. आमच्या वॉर्डात एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असतात तेव्हा तासातासाला तक्ता भरणं जमत नाही, म्हणून डॉक्टर वेळापत्रकच लिहून देतात. तरीही एक नियम आम्ही मोडत नाही. गोळीची वेळ झाली आणि पेशंट हाकेला जागा होत नसेल, किंवा मिनिटाला बाराच्या खाली श्वास असतील, तर ती गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

५. सलाईनच्या आधी बी-वन.

खेड्यात अशक्त दिसला की सलाईन, ही रीतच झाली आहे. दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, बहुधा संपत आलेलं असतं. त्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिन ते पचवण्यात खर्च होतं. डोळे एका जागी अडकणं, चालताना झोकांड्या जाणं, गोंधळणं असा मेंदूचा आजार होऊ शकतो, आणि वेळेत थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून आमच्याकडे थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्यासोबत जातं. साखर फारच उतरली असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवत नाहीत, दोन्ही एकदम देतात. गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन लावून घेत असाल तर “हा रोज पितो, बी-वन दिलं का?” एवढं विचारायला कोणी घाबरू नये.

६. डोळे पिवळे असतील तर निवड बदलते.

दीर्घकाळ टिकणारं औषध चांगलं, पण ते पचवायला यकृत धड हवं. कावीळ झालेला, पोटात पाणी साठलेला किंवा वयस्क माणूस असेल तर डायझेपाम साठत जातं आणि तो गुंगीतून बाहेरच येत नाही. अशांना लोरेझेपाम देतात. ते मध्यम काळ टिकतं आणि यकृत खराब असलं तरी शरीराबाहेर टाकलं जातं. त्याबदल्यात ते दिवसातून अधिक वेळा द्यावं लागतं आणि काळजीपूर्वक कमी करत न्यावं लागतं. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांचंही वेगळं पाहावं लागतं. घरी गोळी देणाऱ्याला यकृताचा रिपोर्ट माहीत नसतो.

७. वॉर्डात जो गुण, तोच घरी घात.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चौथ्या दिवशी त्या ऊसतोड कामगाराला आम्ही एकही गोळी दिली नाही, तरी तो शांत झोपत होता. भाऊ म्हणाला, “सिस्टर, गोळी बंद केली तर परत तसंच व्हायचं.” त्याला समजावलं की आधीच्या तीन दिवसांचं औषध अजून अंगात आहे आणि ते आपोआप उतरत जाणार आहे.

हीच गोष्ट घरी कशी घडते ते पाहा. कोणीतरी डायझेपाम आणतं. गोळी दिली, तासाभरात काही फरक दिसला नाही म्हणून दुसरी दिली. रात्री झोपला नाही म्हणून आणखी दोन. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. पहिल्या दिवसाच्या गोळ्या अंगातून गेलेल्या नसतात, त्यांच्यावर दुसऱ्या दिवसाच्या चढतात. माणूस घोरायला लागतो आणि घरचे म्हणतात, “बरं झालं, गाढ झोपला.” उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधल्या वेळेत तो गुपचूप एक क्वार्टर घेऊन येतो. नुसत्या गोळ्यांनी सहसा जीव जात नाही. गोळी आणि दारू एकत्र आली की श्वास थांबू शकतो. आखूड औषध असेल तर पाकीट संपल्यावर फिट, लांब औषध असेल तर साठून गुंगी. घरात दोन्ही ओळखणारं कोणी नसतं.

शिवाय ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. ती पाच-सात दिवसांच्या त्रासापुरती आहे. महिनोन्‌महिने चालू राहिली तर तिचीच सवय लागते, आणि ती सोडतानाही फिट येऊ शकते. दारू सुटली पण अल्प्राझोलमशिवाय झोप नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. ओढ कमी करायची औषधं वेगळी आहेत, ती नंतर सुरू होतात. आमच्या पेशंटला घरी जाताना या गोळ्या दिल्या नाहीत. थायमिनच्या गोळ्या, समुपदेशनाची तारीख आणि मानसोपचार ओपीडीचा कागद एवढंच दिलं.

८. घरी उपचार होऊ शकतात, पण कोणाचे?

ज्याला आधी कधी फिट किंवा भ्रम झालेला नाही, ज्याला दुसरा मोठा आजार नाही, ज्याच्या घरात दिवसरात्र शुद्धीत राहणारा एक माणूस आहे, आणि जो रोज दवाखान्यात येऊन दाखवू शकतो, अशा सौम्य त्रासाच्या माणसाला डॉक्टर घरी ठेवून उपचार करतात. गोळ्या एक-दोन दिवसांच्याच देतात, त्या बायको किंवा आईच्या हातात असतात, आणि प्यायला तर गोळी बंद करून कळवायचं असं ठरलेलं असतं. फडावर, कोपीत, गावापासून दोनशे किलोमीटरवर यातलं काहीच शक्य नसतं. उचल घेतलेली, मुकादम सोडत नाही, दवाखाना लांब. तिथे एकट्याने एकदम दारू तोडू नये. टोळी निघण्याच्या आधी किंवा परतल्यावर, गावी असताना हे करावं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. माळ घालायची तारीख ठरली असेल तर त्याच्या आठ-दहा दिवस आधी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मानसोपचार विभागात या. घरात असतील त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामीसुद्धा, सोबत आणा आणि आधी फिट आली होती का ते न लपवता सांगा. कोणाशी बोलायचं हे सुचत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि दारू आधीच बंद झाली असेल, फिट आली, माणूस बरळायला लागला, ताप चढला, उलट्या थांबेनात किंवा हाकेला जागा होईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ लावा.